०.५४ ते १.२३: शोधनिबंधातला एक पट्टा कसा वाचायचा

नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कमधल्या एका चाचणीचा निकाल ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. चाचणीचं नाव डॅनमास्क-१९. घराबाहेर पडताना मास्क लावा असं सांगितलेल्या लोकांना कोरोनाची लागण कमी होते का, हा तिचा प्रश्न होता. निकाल आल्या आल्या ‘मास्कचा उपयोग नाही हे सिद्ध झालं’ असा तिचा सारांश जगभर फिरला. खरं तर त्याच आकड्यांवरून ‘मास्कमुळे लागण १८ टक्क्यांनी घटते’ असं उलटं वाक्यही तितक्याच सहज लिहिता आलं असतं.

दोन्ही वाक्यं एकाच ओळीतून निघतात आणि दोन्ही चूक आहेत. ती ओळ अशी: ऑड्स रेशो ०.८२, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.५४ ते १.२३.

शोधनिबंध वाचून इतरांसाठी चार ओळी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते. म्हणून ती एकदा नीट उलगडून बघू.

### आधी माणसं मोजा

गुणोत्तराकडे वळण्याआधी निबंधातला साधा तक्ता शोधावा. त्यात किती माणसं होती आणि कितींना काय झालं, एवढंच बघायचं. डॅनमास्कमध्ये मास्कच्या गटातल्या २,३९२ जणांनी चाचणी पूर्ण केली आणि त्यांपैकी ४२ जणांना लागण झाली. मास्कचा सल्ला न दिलेल्या दुसऱ्या गटातल्या २,४७० जणांपैकी ५३ जणांना झाली. टक्क्यांत सांगायचं तर १.८ विरुद्ध २.१. हजार माणसांच्या भाषेत एकीकडे साधारण १८ आणि दुसरीकडे साधारण २१.

दोन गटांत किती फरक पडला याच्या मापाला संशोधक ‘इफेक्ट साइझ’ म्हणतात, म्हणजे परिणामाचा आकार. हे माप दोन प्रकारे देता येतं. एक वजाबाकीने: १.८ वजा २.१. दुसरं भागाकाराने: एका गटातलं प्रमाण दुसऱ्याच्या किती पट आहे. ऑड्स रेशो हे भागाकाराचंच भावंड आहे. त्यात लागण झालेल्यांना गटातल्या सगळ्यांनी न भागता लागण न झालेल्यांनी भागतात. आजार विरळ असेल तर दोन्ही पद्धतींत फारसा फरक पडत नाही, आणि इथे तो विरळ आहे. पण गोष्ट वारंवार घडणारी असेल तर सावध राहावं. ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलेल्या प्रमाणाचा ऑड्स रेशो ०.५ निघतो. तो वाचून ‘धोका निम्मा झाला’ असं लिहिलं तर चूक होते, कारण धोका एक तृतीयांशाने घटलेला असतो.

वजाबाकीत ‘काहीच फरक नाही’ ही रेषा शून्यावर असते, तर भागाकारात ती १ वर असते. कोणताही पट्टा वाचण्याआधी आपण यांपैकी कोणत्या रेषेकडे बघतोय हे ठरवून घ्यावं. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे झालेल्या गफलती मी अनेकदा पाहिल्या आहेत.

### पट्टा म्हणजे नेमकं काय

समजा, हीच चाचणी त्याच देशात, त्याच काळात, पण वेगळ्या पाच हजार माणसांवर झाली असती. लागण झालेले ४२ आणि ५३ च निघाले असते का? नाही. कदाचित ४९ आणि ४८, कदाचित ३८ आणि ६०. मास्कचा खरा परिणाम तोच राहिला असता, पण नशिबाने कोण कोणत्या गटात पडतं आणि कोणाची कोणाशी गाठ पडते यावर आकडे हलले असते. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे विश्वास-अंतराल, या हलण्याचा अंदाज देतो. यापुढे त्याला मी नुसतं पट्टा म्हणेन.

यातल्या ‘९५ टक्के’ या शब्दांचा अर्थ बहुतेक जण थोडा चुकीचा लावतात. धुक्याने भरलेल्या मैदानात एक खुंटा ठोकलेला आहे असं समजा. खुंटा म्हणजे खरा परिणाम. तो जागचा हलत नाही आणि आपल्याला तो दिसतही नाही. प्रत्येक अभ्यास म्हणजे त्या दिशेने फेकलेलं एक कडं. येझी नेमन या संख्याशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये ही रीत मांडली. तिची हमी एवढीच, की या पद्धतीने कडी फेकत राहिलात तर शंभरातली सुमारे ९५ कडी खुंट्याभोवती पडतील. तुमच्या हातातलं हे एक कडं त्या ९५ मधलं आहे की उरलेल्या पाचांतलं, हे ती सांगत नाही.

म्हणून ‘खरा परिणाम ०.५४ ते १.२३ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे’ हे वाक्य काटेकोर अर्थाने बरोबर नाही. पण सामान्य वाचकासमोर कड्यांचा हा सगळा हिशोब मांडत बसायचीही गरज नसते. मी अशा वेळी लिहितो: ‘या अभ्यासातले आकडे इथपासून इथपर्यंतच्या परिणामाशी जुळतात.’ हे खरं आहे आणि वाचकाला कळतंही.

### दोन्ही टोकं बोलून बघा

आता पट्ट्याच्या दोन टोकांना साध्या शब्दांत आणू. ०.५४ म्हणजे लागण ४६ टक्क्यांनी कमी. १.२३ म्हणजे लागण २३ टक्क्यांनी जास्त. म्हणजे मास्क वापरण्याच्या सल्ल्याने लागण जवळजवळ निम्मी झाली असेल, हेही या आकड्यांशी जुळतं. ती जवळपास पावपट वाढली असेल, हेही जुळतं. मधल्या सगळ्या शक्यताही जुळतात, मात्र सारख्या जुळत नाहीत. ०.८२ च्या आसपासच्या किमती आकड्यांशी सर्वांत चांगल्या बसतात आणि टोकांकडे जावं तसा मेळ कमी होत जातो.

वजाबाकीच्या भाषेत निबंधाने दिलेला पट्टा आहे उणे १.२ ते अधिक ०.४. म्हणजे हजारी १२ लागणी कमी ते हजारी ४ जास्त. मला हे रूप जास्त आवडतं, कारण इथे माणसं दिसतात.

इथेच एक पडताळा करून बघण्यासारखा आहे. वजाबाकीच्या पट्ट्याचा मध्य साधारणपणे मुख्य आकड्यावर येतो. उणे १.२ आणि अधिक ०.४ यांचा मध्य येतो उणे ०.४, पण निबंधाच्या सारांशात फरक उणे ०.३ दिला आहे. मूळ संख्या भागून बघितल्या की उत्तर मिळतं. १.७६ वजा २.१५ केले की उणे ०.३९ येतात, तर आधी १.८ आणि २.१ असे एका दशांशापर्यंत आणलेले आकडे वजा केले की उणे ०.३. फरक क्षुल्लक आहे आणि कोणी काही लपवलेलं नाही. पण हा पडताळा केल्याने दोनदा माझ्या हातून चुकीचा आकडा छापायचा वाचला आहे.

गुणोत्तराच्या पट्ट्याचा मध्य मात्र बेरजेने काढायचा नसतो. ०.५४ आणि १.२३ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की ०.८२ च्या जवळ येतं. त्यामुळे मुख्य आकडा एका टोकाला जास्त चिकटलेला दिसला तर गोंधळून जाऊ नये.

### ‘पण पट्ट्यात १ आहे, मग विषय संपला ना?’

ही सर्वांत मोठी शंका, आणि चुकीच्या सारांशांचं मूळही इथेच आहे. पट्ट्यात ‘फरक नाही’ची रेषा येत असेल तर निबंधात ‘फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नाही’ असं लिहिलेलं असतं. वाचणारा त्याचं भाषांतर करतो ‘फरक नाही’.

अंधाऱ्या खोलीत छोट्या बॅटरीने किल्ली शोधली आणि सापडली नाही, तर ‘मला सापडली नाही’ असं म्हणता येतं. ‘किल्ली खोलीत नाही’ असं म्हणायला खोलीचा कोपरान् कोपरा बघितलेला असावा लागतो. पट्ट्याची रुंदी सांगते की किती कोपरे बघायचे राहिले. डॅनमास्कमध्ये ४६ टक्के घट हा कोपरा अजून अंधारातच आहे. एवढ्या मोठ्या फायद्याची शक्यता उघडी असताना ‘उपयोग नाही’ म्हणणं म्हणजे अभ्यासाने न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालणं.

मग ‘फरक नाही’ असं कधी लिहिता येतं? आधी ठरवावं लागतं की किती फरक आपल्या लेखी नगण्य आहे. समजा, १० टक्क्यांपर्यंतची घट किंवा वाढ कोणाच्याच निर्णयावर परिणाम करणार नाही असं ठरलं. तर पूर्ण पट्टा साधारण ०.९० ते १.१० च्या आत बसायला हवा. ०.९७ ते १.०४ असा पट्टा आला तर ‘सांगण्यासारखा फरक नाही’ हे वाक्य खुशाल लिहावं. उलट ०.९६ ते ०.९९ असा पट्टा आला तर त्यात १ नाही, म्हणून निबंध त्याला ‘लक्षणीय’ म्हणेल. पण परिणाम फार तर चार टक्के घटीचा आहे. ‘लक्षणीय’ हा इथे एक तांत्रिक शब्द आहे, त्याचा ‘मोठा’ किंवा ‘महत्त्वाचा’ असा अर्थ होत नाही. सारांशात तो मी शक्यतो वापरतच नाही.

विशेष म्हणजे डॅनमास्कच्या लेखकांनी स्वतः जपून लिहिलं होतं. त्यांच्या निष्कर्षाचा आशय असा, की मास्कच्या सल्ल्याने मास्क वापरणाऱ्यांमधली लागण ५० टक्क्यांहून जास्त घटली नाही, मात्र त्याहून कमी संरक्षणाशी हे आकडे जुळतात. पट्ट्याचं खालचं टोक ०.५४ वर आहे, म्हणजे ५० टक्के घट पट्ट्याच्या बाहेर पडते. ‘५० टक्क्यांहून जास्त नाही’ हे शब्द तिथून आले.

### ‘जवळजवळ पाच हजार माणसं होती, तरी पट्टा एवढा रुंद?’

कारण पट्ट्याची रुंदी ठरते ती मुख्यतः घटनांच्या संख्येवर. माणसं ४,८६२ असली तरी लागणी झाल्या फक्त ९५. उरलेल्या साडेचार हजारांहून जास्त लोकांना काहीच झालं नाही, आणि मास्कबद्दल त्यांच्याकडून थोडीच माहिती मिळते. ४२ आणि ५३ मधला फरक ११ जणांचा. आठ-दहा जणांचं इकडचं तिकडे झालं असतं तर चित्र पालटलं असतं.

म्हणून निबंध हातात आला की ‘किती जणांवर अभ्यास झाला’ या प्रश्नासोबत ‘घटना किती घडल्या’ हेही शोधावं. दहा हजार लोक आणि वीस घटना असा अभ्यास बघायला भव्य असतो, पण त्याचा पट्टा ऐसपैस निघतो.

रुंदी कमी करणं महाग पडतं. पट्टा निम्मा करायचा तर साधारण चौपट माहिती लागते. इथे ९५ च्या जागी जवळपास ३८० लागणी, म्हणजे त्याच परिस्थितीत वीस हजारांच्या आसपास माणसं. डॅनमास्कची आखणी करताना लागणीचं प्रमाण २ टक्के धरलं होतं आणि ते निम्मं होत असेल तर ओळखता यावं एवढीच माणसं घेतली होती. २० टक्के घट पकडायला ते जाळं बारीक नव्हतंच.

### टक्के कशाचे?

डॅनमास्कमध्ये पट्टा रुंद होता म्हणून गोंधळ झाला. दुसऱ्या एका प्रसिद्ध अभ्यासात गोंधळाचं कारण वेगळं होतं. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची एक चाचणी वेळेआधी थांबवली गेली. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरकं एकत्र घेण्याचा परिणाम १६,६०८ स्त्रियांवर सरासरी ५.२ वर्षं पाहिला गेला होता. स्तनाच्या कर्करोगाचं गुणोत्तर निघालं १.२६, पट्टा १.०० ते १.५९. बातमी झाली: कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो.

हे ऐकून शंभरातल्या २६ जणींना कर्करोग होणार असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण हे २६ टक्के मूळ धोक्याचे आहेत, आणि मूळ धोका किती हे वाक्यात आलेलंच नाही. संप्रेरकं न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ३० जणींना हा कर्करोग झाला, घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत वर्षाला आठ जणी जास्त.

आता पट्टाही याच भाषेत आणावा, कारण बहुतेक सारांशांत मधला आकडा माणसांत येतो आणि टोकं गुणोत्तरातच राहतात. ३० ला १.०० ने गुणलं तर ३०, म्हणजे एकही जास्त नाही. १.५९ ने गुणलं तर सुमारे ४८, म्हणजे अठरा जास्त. पूर्ण वाक्य असं होईल: दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला साधारण आठ जास्त, पण शून्यापासून अठरापर्यंत काहीही या आकड्यांशी जुळेल.

‘आठ’ ऐकून धोका किरकोळ आहे असंही लगेच ठरवू नये. ही संख्या एका वर्षाची आहे. औषध पाच वर्षं चालू राहिलं तर हिशोब वाढतो, आणि लाखो स्त्रिया ते घेत असतील तर एकूण आकडा मोठाच होतो. धोका पत्करायचा की नाही हे ज्या स्त्रीला औषध घ्यायचं आहे तिने तिच्या डॉक्टरांसोबत ठरवायचं. सारांश लिहिणाऱ्याने तिच्या हातात मूळ प्रमाण, फरक आणि काळ या तिन्ही गोष्टी द्यायला हव्यात.

### एकक नसलेला परिणाम

मानसशास्त्रातल्या आणि शिक्षणातल्या निबंधांत परिणाम बऱ्याचदा ‘०.३’ असा कोरडा येतो. तिथे फरकाला प्रमाण विचलनाने भागलेलं असतं. प्रमाण विचलन म्हणजे माणसामाणसांतले गुण सरासरीपासून साधारण किती विखुरलेले आहेत त्याचं माप. ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा अशी वर्गवारी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या नावाने सर्रास चिकटवली जाते, पण दुसरा काही आधार नसेल तेव्हाच ती वापरावी असं त्यांनी स्वतः बजावलं होतं.

शक्य असेल तर आकडा पुन्हा मूळ एककात आणावा. एखाद्या परीक्षेत प्रमाण विचलन १० गुणांचं असेल तर ०.३ म्हणजे ३ गुण. एकक सापडतच नसेल तर दुसरी वाट आहे. परिणाम ०.३ असताना दोन्ही गटांतून एकेक माणूस चिठ्ठी टाकून उचलला, तर उपाय मिळालेला माणूस वरचढ निघेल अशी वेळ शंभरात सुमारे ५८ वेळा येईल. काहीच परिणाम नसता तर ती ५० वेळा आली असती. ५० आणि ५८ मधलं हे अंतर वाचकाला ‘लहान ते मध्यम परिणाम’ या शब्दांपेक्षा खूप जास्त सांगून जातं.

### पट्ट्यात जे मावत नाही

पट्टा फक्त नशिबाचा हिशोब ठेवतो. अभ्यासात दुसरं काही वाकडं गेलं असेल तर त्याची त्याला खबर नसते. डॅनमास्कमध्ये सुरुवातीला ६,०२४ जण होते. त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाने चाचणी पूर्ण केली नाही. मास्कच्या गटातल्या ४६ टक्के लोकांनीच आपण सांगितल्याप्रमाणे मास्क वापरला असं कळवलं. लागण ओळखायला घरी करायच्या अँटिबॉडी तपासणीचाही वापर झाला होता, आणि अशा तपासण्या कधीमधी चुकतात. यांतलं काहीही ०.५४ आणि १.२३ या आकड्यांत आलेलं नाही. म्हणून मनातल्या मनात पट्टा छापला आहे त्याहून थोडा रुंद धरावा असं मला वाटतं.

शिवाय चाचणीचा प्रश्न होता मास्क लावणाऱ्याच्या स्वतःच्या बचावाचा, आणि तोही फार थोडे लोक मास्क लावत होते अशा दिवसांत. लावणाऱ्यापासून दुसऱ्यांचा बचाव होतो का, हे तिने तपासलंच नव्हतं. भिंगाखाली जे ठेवलंच नाही त्याबद्दल पट्टा कितीही अरुंद असला तरी काही सांगू शकत नाही.

### ‘वाचकाला तर एकच उत्तर हवं असतं’

खरं आहे, आणि सारांश पट्ट्यांनी भरला तर तो कोणी वाचणार नाही. पण एका मुख्य निकालासाठी दोन टोकं द्यायला एक वाक्य पुरतं. पट्टा पूर्ण वगळला तर अभ्यासाने मोठ्या कष्टाने मिळवलेली अर्धी माहिती आपण फेकून देतो.

दोन्ही टोकांना उभं राहून निर्णय तोच राहतो का, हे बघितलं की कोणतं वाक्य लिहायचं ते कळतं. निर्णय तोच राहत असेल तर उत्तर ठामपणे द्यावं. बदलत असेल, तर ‘या एका अभ्यासाने ठरत नाही’ हेच उत्तर असतं आणि ते पहिल्या वाक्यात यावं, सातव्या परिच्छेदात नाही.

डॅनमास्कसाठी मी असं लिहीन:

‘मास्क वापरायला सांगितलेल्यांपैकी हजारी सुमारे १८ जणांना महिन्याभरात कोरोनाची लागण झाली, न सांगितलेल्यांपैकी सुमारे २१ जणांना. लागणी थोड्या असल्याने हा फरक नक्की किती, ते या चाचणीतून कळत नाही: हजारी १२ लागणी कमी होण्यापासून ४ जास्त होण्यापर्यंत काहीही शक्य आहे. मास्कच्या सल्ल्याने लावणाऱ्याची लागण निम्म्याहून जास्त घटते, ही शक्यता मात्र मागे पडली. सांगितल्याप्रमाणे मास्क वापरल्याचं निम्म्याहून कमी लोकांनी कळवलं. मास्कमुळे आजूबाजूच्या लोकांचा बचाव होतो का, हे या चाचणीत तपासलेलं नाही.’

पाच वाक्यं झाली. त्यांत ऑड्स रेशो नाही, ‘लक्षणीय’ नाही, ‘सिद्ध झालं’ही नाही. ०.८२ सुद्धा मुद्दाम गाळला आहे, कारण तो एकटा दिला की वाचक ‘१८ टक्के’ एवढंच लक्षात ठेवतो.